फाइलीत नसलेली अक्षरे

माझी मावशी साताऱ्याकडची. निवृत्त शिक्षिका. गेली बारा-तेरा वर्षे ती गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेते आहे. बाया जशा म्हणतात तशाच लिहायच्या, 'राहायला'चे 'ऱ्हायला' आणि 'राहिली'चे 'ऱ्हायली' तसेच ठेवायचे, हा तिचा कटाक्ष. या ओव्यांचे पुस्तक तिने स्वतःच घरच्या संगणकावर, वर्डमध्ये टाइप केले. अनुक्रमणिका, शब्दसूची, सगळे मिळून ९६ पाने झाली. फाइल छपाईचे काम करणाऱ्या एका मुलाला मेलने पाठवली. त्याने ती उघडली, पीडीएफ केली आणि तपासायला परत पाठवली. त्या दुपारी मावशीचा मला फोन आला.

"अगं, पुस्तक एकशे बावीस पानांचं झालंय. आणि माझं वऱ्हाड मोडलंय!"

मी अक्षरजुळणीच्या धंद्यात असल्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. पण हे वऱ्हाड खरोखरच मोडले होते. 'वऱ्हाड' या प्रकरणाच्या मथळ्यात जिथे र चा तो छोटा आडवा फरकाटा हवा, तिथे नुक्ता दिलेला र, त्याचा पाय मोडलेला आणि शेजारी सुटा 'हा' उभा होता: 'वऱ्‌हाड'. ओव्यांच्या लांब ओळी मोडून खालच्या ओळीत आल्या होत्या, त्यामुळे दोन चरणांची ओवी चार ओळींची दिसत होती. अनुक्रमणिकेत 'सासुरवास' ४१व्या पानावर होता. प्रत्यक्षात तो ५२व्या पानावर सुरू होत होता. मावशीचा समज असा झाला की पीडीएफ करताना अक्षरे बिघडली. बहुतेकांचा हाच समज असतो. तो बव्हंशी चुकीचा आहे.

वर्डची फाइल ही मुळात हस्तलिखितासारखी असते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात लेखक हस्तलिखित देई आणि समासात सूचना लिहिली जाई: मथळा अमुक टाइपात, मजकूर अमुक पॉइंटात. खिळे लेखकाकडे नसत, ते छापखान्याच्या पेटीत असत. तेच हस्तलिखित दुसऱ्या छापखान्यात नेले आणि त्यांच्याकडे तो टाइप नसला, तर जुळारी हाताशी असलेल्या टाइपात जुळणी करी. मजकूर तोच राही; अक्षरांचे रूप, ओळींची लांबी आणि पानांची संख्या मात्र बदले. वर्डचे नेमके हेच चालते. फाइलीत मजकूर असतो आणि टाइपाचे नाव असते. टाइप नसतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. `.docx` ही खरे म्हणजे झिप केलेली पेटी आहे. फाइलीची एक प्रत काढून तिच्या नावाचा शेवट `.zip` असा केला की ती उघडते आणि आत `document.xml` नावाची फाइल सापडते. मावशीच्या पुस्तकातला एक शब्द तिथे साधारण असा होता:

```xml
<w:r>
  <w:rPr>
    <w:rFonts w:ascii="Calibri" w:cs="Kokila"/>
    <w:szCs w:val="32"/>
  </w:rPr>
  <w:t>वऱ्हाड</w:t>
</w:r>
```

यात घाबरण्यासारखे काही नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत शब्द आहे. त्याच्या वर सूचना आहे: देवनागरीसाठी 'कोकिळा' हा फॉन्ट वापरावा, आकार ३२ ठेवावा. वर्ड आकार अर्ध्या पॉइंटात मोजतो, म्हणून ३२ म्हणजे १६ पॉइंट. इंग्रजी अक्षरांसाठी वेगळे नाव आहे, कारण वर्ड एकाच शब्दसमूहासाठी रोमन आणि देवनागरीसारख्या लिप्यांचे फॉन्ट स्वतंत्र लिहून ठेवतो. पण 'कोकिळा'तला व कसा दिसतो, किती रुंद असतो, याचा यात मागमूस नाही. ते उघडणाऱ्या संगणकाने स्वतःच्या पेटीतून काढायचे.

मावशीचा संगणक जुना, विंडोज ७चा. त्यात कोकिळा हा फॉन्ट मुळातच येत असे. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने कोकिळा, अपराजिता, उत्साह आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा मंगल हे फॉन्ट मूळ संचातून काढून एका जोडसंचात ठेवले. संगणकावर हिंदी किंवा मराठी भाषा जोडली की तो संच उतरवून घेतला जातो. इंग्रजीतच चालणाऱ्या नव्या लॅपटॉपवर तो सहसा नसतो, तिथे देवनागरीचा भार 'निर्मला' हा फॉन्ट वाहतो. त्या मुलाचा लॅपटॉप नवाकोरा होता.

आता पाने का वाढली ते बघू. फॉन्टचा पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे. ते अक्षर ज्या चौकटीत बसवले आहे त्या चौकटीचे माप. चौकटीत अक्षर किती मोठे काढायचे हे आरेखनकार ठरवतो. कोकिळामधली अक्षरे चौकटीच्या मानाने बरीच लहान आहेत, म्हणून तो वापरणारे आकार नेहमीच मोठा ठेवतात. मावशीनेही १६ ठेवला होता आणि तो छापील पुस्तकातल्या नेहमीच्या अक्षराएवढाच दिसत होता. निर्मला किंवा मंगल यांची अक्षरे मोठी आणि ओळींमधली जागाही ऐसपैस. सूचना तीच, '१६ पॉइंट', पण पेटी बदलल्याबरोबर प्रत्येक शब्द रुंद झाला आणि प्रत्येक ओळ उंच झाली. ९६ची १२२ पाने तिथेच झाली, वर्डच्या पडद्यावर, पीडीएफचे बटण दाबण्याच्या आधी. पीडीएफने फक्त समोर दिसले ते इमानाने टिपले.

मुलाच्या हे लक्षात का आले नाही, हाही प्रश्न रास्त आहे. त्याला दोष देण्याआधी वर्डची एक खोड सांगायला हवी. फॉन्ट नसला तरी वर्ड गप्प राहतो आणि वरच्या पट्टीतल्या चौकटीत नाव मात्र `Kokila` असेच दाखवत राहतो. नाव एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा! खरे काय ते पाहण्याची जागा आडबाजूला आहे. `File > Options > Advanced` मध्ये खाली जात राहिले की `Font Substitution` असे बटण सापडते. ते दाबले की कोणता फॉन्ट गैरहजर आहे आणि त्याच्या जागी कोण बसला आहे, याची यादी मिळते. मी कुठलीही बाहेरची फाइल हातात घेतली की आधी हे बटण दाबते.

मथळ्यातल्या वऱ्हाडाची गोष्ट निराळी होती. मथळे साधे दिसतात म्हणून मुलाने आपल्या संग्रहातला एक नक्षीदार फुकट फॉन्ट तिथे लावला होता. 'वऱ्हाड' हा शब्द संगणकात सहा खुणांनी साठवलेला असतो: व, नुक्त्याचा ऱ, हलन्त, ह, काना आणि ड. ऱ आणि हलन्त शेजारी आले की त्यांच्या जागी तो आडवा फरकाटा काढायचा, हा नियम फॉन्टच्या पोटात लिहिलेला असतो. जोडाक्षरे, रफार यांच्या आकृत्यांचे नियमही तिथेच असतात. हिंदीला या फरकाट्याची जवळजवळ गरजच पडत नाही. मराठीला मात्र 'तऱ्हा', 'दऱ्या', 'सुऱ्या' हे शब्द त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत. त्या नक्षीदार फॉन्टच्या कर्त्याने हा नियम लिहिलाच नव्हता, म्हणून फॉन्टने मिळाले ते सुटे तुकडे मांडून ठेवले. मावशीच्या पुस्तकात असे शब्द पानोपानी आहेत. मजकुरालाही तोच फॉन्ट लागला असता तर बायांचा सगळा उच्चारच पुस्तकातून गेला असता.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांचे हाल याहून वाईट होतात. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत `ejkBh` असा साठवलेला असतो आणि फॉन्ट त्या पाच खुणांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की दुसरे देवनागरी अक्षर येत नाही, मुखवटाच गळून पडतो आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा पाला दिसतो. युनिकोडच्या फाइलीत निदान शब्द शाबूत राहतात.

आता पीडीएफकडे येऊ. १९९३मध्ये अडोबीने हा प्रकार आणला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. पीडीएफ म्हणजे हस्तलिखित नव्हे, जुळणी पुरी होऊन दोऱ्याने बांधलेले पान. वर्ड पीडीएफ लिहितो तेव्हा जोडाक्षरांचे नियम एकदाच लागू होतात, ओळी एकदाच मोडल्या जातात. पुढे पीडीएफमध्ये 'वऱ्हाड' सहा खुणांचे राहत नाही. तिथे पाच आकृत्या असतात: व, फरकाटा, ह, काना, ड. प्रत्येकीचा फॉन्टमधला क्रमांक आणि पानावरची जागा लिहिलेली असते. क्रमांक म्हणजे खिळ्यांच्या पेटीतला खणच म्हणा ना: ४१७व्या खणातला खिळा अमुक ठिकाणी ठेवा.

आणि इथेच फॉन्ट फाइलीत भरण्याचे, म्हणजे एम्बेडिंगचे मर्म आहे. खणांचे क्रमांक त्या एका फॉन्टपुरतेच खरे असतात. दुसऱ्या फॉन्टच्या ४१७व्या खणात भलताच खिळा असेल, किंवा खण रिकामा असेल. म्हणून पीडीएफसोबत खिळेही पाठवावे लागतात. वर्ड हे आपण न सांगता करतो. पूर्ण फॉन्ट न पाठवता पुस्तकात आलेल्या आकृत्या तेवढ्या वेचून तो फाइलीत ठेवतो. त्यामुळे फाइल फुगत नाही, आणि ती पुण्यात उघडा, पणजीत उघडा की परदेशातल्या भाचीच्या फोनवर, अक्षर तेच राहते. जुन्या पद्धतीने केलेल्या काही पीडीएफमध्ये जागा वाचवण्यासाठी फॉन्ट भरलेले नसतात. वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की तिथे ठिपके, चौकोन किंवा असंबद्ध अक्षरे येतात. पीडीएफचीच म्हणावी अशी मोडतोड असेल तर ती ही.

तपासायला फार काही लागत नाही. अॅक्रोबॅट रीडरमध्ये पीडीएफ उघडून `File > Properties` मध्ये `Fonts` हा भाग पाहायचा. प्रत्येक फॉन्टपुढे `Embedded Subset` किंवा `Embedded` असे लिहिलेले हवे. ज्याच्यापुढे ते नाही, तो फॉन्ट वाटेत कुठेतरी दगा देणार. मुलाने पाठवलेली पीडीएफ मी अशी तपासली तेव्हा सगळे फॉन्ट व्यवस्थित भरलेले होते. फक्त यादीत कोकिळा कुठेच नव्हता. तिथे `NirmalaUI` होते. चुकीचा फॉन्ट उत्तम रीतीने भरला गेला होता.

तेव्हा खिळे वर्डच्या फाइलीतच घालून पाठवायला हवे होते. ही सोय वर्डमध्ये आहे, पण मुळात बंद असते. `File > Options > Save` मध्ये अगदी तळाशी `Embed fonts in the file` अशी खूण करायची जागा आहे. तिच्या पोटात आणखी दोन खुणा आहेत आणि दोन्हींचा नीट विचार करावा लागतो. पहिली, `Embed only the characters used in the document`. ही केली तर फाइल लहान होते, पण मजकुरात न आलेले एखादे अक्षर दुरुस्तीत घालायचे झाले तर ते फॉन्टात सापडत नाही. ज्या फाइलीवर अजून मुद्रितशोधन व्हायचे आहे, तिला ही खूण करू नये. दुसरी, `Do not embed common system fonts`. विंडोजचे नेहमीचे फॉन्ट सर्वांकडे असतातच या भरवशावर ही केलेली असते. मराठीच्या बाबतीत हा भरवसा किती पोकळ आहे ते आत्ताच पाहिले. ती काढून टाकावी.

मावशीला मी फोनवर हे करायला लावले. तिने फाइल पुन्हा जतन केली, ती काहीशे किलोबाइटनी फुगली, आणि मुलाच्या लॅपटॉपवर उघडल्यावर पाने ९६ भरली.

मथळ्यांचा प्रश्न राहिला होता आणि त्यात मी स्वतः फसले. माझ्याकडे एक सुलेखनाच्या वळणाचा विकत घेतलेला फॉन्ट आहे, फरकाटा त्यात झकास येतो. मी मथळ्यांना तो लावला आणि माझ्याच संगणकावर पीडीएफ केली. पडद्यावर छान दिसली. पण पान मोठे करून पाहिले तर मजकूर धारदार आणि मथळ्याच्या कडा दातेरी! मथळ्यातला शब्द निवडताही येईना. `Fonts`च्या यादीतही तो फॉन्ट नव्हता.

कारण परवान्यात होते. प्रत्येक फॉन्टच्या आत एक आकडा असतो: दुसऱ्याच्या फाइलीत भरायला मालकाची परवानगी आहे की नाही ते सांगणारा. विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलीवर उजवी क्लिक करून `Properties`, मग `Details` पाहिले की `Font embeddability` या नावापुढे तो शब्दांत दिसतो. `Installable` किंवा `Editable` असेल तर फॉन्ट वर्डच्या फाइलीतही भरता येतो. `Preview/Print` असेल तर पाहण्या-छापण्यापुरता भरता येतो, मजकुरात बदल करता येत नाही. `Restricted` असेल तर भरायला मनाई. माझा फॉन्ट `Restricted` होता. अशा वेळी वर्ड नकार देत नाही. पीडीएफच्या `Options` चौकटीत `Bitmap text when fonts may not be embedded` अशी खूण आधीच केलेली असते. तिच्या आधारे तो त्या अक्षरांचे चित्र काढून पानावर चिकटवतो. ते घरच्या प्रिंटरवर खपून जाईल. पुस्तकाच्या छपाईत मोठ्या मथळ्याच्या कडा खरबरीत येतात.

पैसे देऊन घेतलेला फॉन्ट आपल्याच पुस्तकात भरता येऊ नये याचा मला राग आला, अजूनही येतो. पण विकणाऱ्याची बाजूही आहे: वर्डच्या फाइलीत भरलेला फॉन्ट बाहेर काढणे माहीतगाराला कठीण नसते. छपाईसाठी वेगळा परवाना मिळतो, तो मी घेतला नव्हता. शेवटी मथळ्यांना 'बालू' लावला. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे. त्यात मनाईचा प्रश्न नाही आणि फरकाटा जागच्या जागी येतो. खुल्या फॉन्टांपैकीही वर्डसाठी निवडताना `.ttf` फाइल घ्यावी. `.otf` प्रकारच्या कित्येक फॉन्टांची आरेखने वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असतात आणि वर्ड ती आपल्या फाइलीत भरत नाही, तसे सांगतही नाही.

एक मर्यादा मावशीच्या कामाच्या संदर्भात सांगायलाच हवी. फॉन्ट भरल्याने पान दिसायला पक्के होते, वाचणाऱ्या यंत्रासाठी मात्र पक्के होतेच असे नाही. पीडीएफमध्ये खणांचे क्रमांक आहेत. त्यावरून पुन्हा शब्द हवा असेल तर अमुक खण म्हणजे अमुक अक्षर अशी उलटी यादी लागते. अशी यादी वर्ड बरोबर ठेवतो, पण देवनागरीत ती तोकडी पडते. 'किती'मधली पहिली वेलांटी पानावर क च्या आधी काढलेली असते, म्हणून पीडीएफमधून उचलून दुसरीकडे डकवल्यावर तिचे 'िकती' होऊ शकते. फरकाट्याचे तर कधी काहीच उरत नाही, 'वऱ्हाड'चे 'वहाड' होते. पान डोळ्यांना निर्दोष दिसते आणि त्यात 'वऱ्हाड' शोधले तर 'सापडले नाही' असे उत्तर येते. उद्या कुणा अभ्यासकाला या ओव्यांतून शब्द शोधायचे असतील तर नुसती पीडीएफ पुरणार नाही. म्हणून मावशीच्या तीन फाइली जपून ठेवल्या आहेत: छपाईची पीडीएफ, फॉन्ट भरलेली वर्डची फाइल आणि फॉन्टशी काहीही देणेघेणे नसलेला, नुसत्या युनिकोड मजकुराचा `.txt`.

छपाईची पीडीएफ करताना मी `Options` मध्ये `PDF/A` ही खूणही केली. दीर्घकाळ टिकवायच्या कागदपत्रांसाठी २००५मध्ये ठरलेला हा प्रकार आहे, आणि फाइलीतला प्रत्येक फॉन्ट आत भरलेला असलाच पाहिजे ही त्याची अट आहे. नंतर मावशीकडे बसून आम्ही दोघींनी ती पान पान पाहिली. मावशीने अनुक्रमणिका पडताळली. 'सासुरवास' ४१व्या पानावर आला होता. मग तिने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ जाऊन 'वऱ्हाड'चा मथळा निरखला आणि म्हणाली, "र जरा जाडा वाटतोय. पण असू दे."